पावसाळा, गाढव आणि कॉर्नवॉलिस

श्रीरंगपट्टणच्या तटावर टिपू सुलतान उभा आहे आणि तिथूनच तो खाली मुततो आहे. धार साधीसुधी नाही, नदीला पूर यावा तशी आहे. खाली इंग्रजांचं सैन्य पळत सुटलंय आणि त्यात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस एका गाढवावर बसून जीव घेऊन पळतायत. जेम्स गिलरे या लंडनच्या चित्रकाराने ६ डिसेंबर १७९१ रोजी हे चित्र छापून बाहेर काढलं. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘मॉन्सूनचे आगमन, अथवा श्रीरंगपट्टणहून माघार’.

हे चित्र आता इंटरनेटवर सहज सापडतं. बंगळुरूमध्ये तर ते वरचेवर फिरतं, कारण टिपूची जयंती, पुण्यतिथी किंवा पाठ्यपुस्तकातला धडा असा कुठलाही वाद निघाला की कुणीतरी ते पुढे करतं. एक बाजू म्हणते, बघा, शत्रूही टिपूचा दरारा मान्य करत होता. दुसरी म्हणते, बघा, इंग्रजांनी एका हिंदी राजाला किती किळसवाणं दाखवलंय. मला दोन्ही वाचनं चुकीची वाटतात, आणि चुकण्याचं कारण एकच आहे. दोन्ही बाजू चित्रात दिसतं तेवढंच बघतात. अठराव्या शतकातलं राजकीय व्यंगचित्र हे बहुतेक वेळा कुणीतरी केलेल्या एका विधानाला दिलेलं उत्तर असतं. ते विधान त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असायचं, म्हणून चित्रकाराला ते लिहावं लागत नसे. आज उत्तर उरलं आहे आणि मूळ विधान विसरलं गेलं आहे. तेव्हा आधी ते शोधायचं.

ते शोधायला बंगळुरूपासूनच सुरुवात करावी लागते. २१ मार्च १७९१ च्या रात्री इंग्रजांनी बंगळुरूचा किल्ला घेतला. कृष्णराजेंद्र मार्केटजवळ किल्ल्याचा जो तुकडा शिल्लक आहे, त्याच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. तट इथे फोडला आणि इथूनच हल्ला झाला, असं ती सांगते. किल्लेदार बहादूरखान लढताना पडला. मे महिन्याच्या सुरुवातीला कॉर्नवॉलिस टिपूच्या राजधानीकडे निघाला. नेहमीच्या रस्त्यावर टिपू वाट अडवून बसला होता, म्हणून त्याने दक्षिणेकडून, आजच्या कनकपुराच्या अंगाने वाट धरली. टिपूने त्या वाटेवरचा चारा जाळून टाकला होता. निजामाचं घोडदळ सोबतीला होतं. त्याने लढाई केली थोडी आणि उरलीसुरली दाणावैरण फस्त केली.

१५ मेला श्रीरंगपट्टणजवळ लढाई झाली आणि ती इंग्रजांनी जिंकली. जिंकून उपयोग मात्र काही झाला नाही. बैल पटापट मरत होते, शिपायांना पोटभर मिळत नव्हतं, छावणीत देवी पसरल्या होत्या आणि पाऊस वेळेआधी सुरू झाला होता. कावेरी फुगली. पश्चिमेकडून येणाऱ्या मुंबईच्या फौजेशी गाठ घालण्यासाठी कॉर्नवॉलिस कन्नंबाडीच्या उतारापर्यंत गेला, पण पुढे जाणं शक्य नव्हतं. किल्ला फोडायला आणलेल्या जड तोफा ओढायला बैलच उरले नव्हते. २२ मेच्या सुमारास त्या तोफा त्याने स्वतःच्या हाताने निकामी करून टाकल्या. ते कन्नंबाडी गाव आता कृष्णराजसागर धरणाच्या पाण्याखाली आहे.

२६ मेला फौज बंगळुरूकडे परत निघाली आणि त्याच दिवशी समोरून मोठं घोडदळ येताना दिसलं. इंग्रजांना वाटलं, टिपूच आला. ते होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. धारवाडचा किल्ला एप्रिलमध्ये घेऊन मराठ्यांची फौज खाली उतरली होती, पण टिपूच्या हलक्या घोडेस्वारांनी मधले जासूद असे कापून काढले होते की मराठे इतके जवळ आलेत याचा इंग्रजांना पत्ताच नव्हता. चार-पाच दिवस आधी गाठ पडती तर कदाचित त्या तोफा वाचल्या असत्या. मराठ्यांच्या छावणीबरोबर अख्खा बाजार चालत असे. उपाशी इंग्रज अधिकारी त्या बाजारात शिरले आणि थक्क झाले. बर्मिंगहॅमच्या चाकूपासून काश्मिरी शालीपर्यंत सगळं तिथे मांडलेलं होतं, सराफांची दुकानंसुद्धा. धान्य होतं, पण भाव असा की घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आपल्या माणसांनी दोस्तीचा हात आणि तागडी अशी दोन्ही एकाच वेळी पुढे केली होती, हे मान्य केलेलं बरं.

आता विधानाकडे येऊ. लंडनला बातमी पोचायला पाच-सहा महिने लागले. ती पोचली तेव्हा सरकारी बाजूचं म्हणणं सरळ होतं: लढाई आपण जिंकली, टिपूने आपल्याला हरवलेलं नाही, माघार घ्यावी लागली ती पावसाळ्यामुळे. यात खोटं फारसं नव्हतं. पण विरोधकांच्या कानाला ते सारवासारवीसारखं लागलं. फॉक्स आणि त्याचे साथीदार या लढाईच्या आणि ती लढण्यासाठी मराठे व निजाम यांच्याशी केलेल्या तहाच्या विरोधात पार्लमेंटात बोलत आले होते. आता जनरल म्हणतो, पाऊस आला म्हणून परतलो.

गिलरेचं शीर्षक हे सरकारी विधान जसंच्या तसं उचलतं. मॉन्सून आला. आणि चित्र विचारतं, कुठून आला? विनोदाचा सगळा खटका इथे आहे. वर लिहिलेला पाऊस आणि खाली काढलेली धार यांच्यामध्ये. शीर्षक काढून टाकलं की उरतो फक्त एक ओंगळ प्रकार, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतीत नेमकं तेच होतं. खालची अक्षरांची पट्टी कापलेली असते. त्या काळच्या छापील चित्रात अक्षरं हा चित्राचाच भाग आहे. कापलेली प्रत हाती आली तर तिच्यावरून काहीही ठरवू नये, आधी पूर्ण प्रत शोधावी. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात ती आहे. तिथल्या या सगळ्या चित्रांची सूची डोरोथी जॉर्ज या विदुषीने १९३५ ते १९५४ या काळात सात खंडांत केली. चित्रात कोण कोण आहे, कुठल्या प्रसंगावर ते काढलंय, फुग्यातलं वाक्य काय आहे, हे तिने एकेका चित्रासाठी लिहून ठेवलं आहे, आणि आज या विषयात कुणीही काही बोललं तरी ते तिच्या खांद्यावर बसूनच बोलतं.

मग त्या मुतण्याचा अर्थ काय? आपल्या मनात पहिल्यांदा येतं ते असं, की घाण करतो तो घाणेरडा, म्हणजे टिपूला कमी लेखलंय. हा अंदाज तपासायचा मार्ग आहे. त्याच चित्रकाराने असा प्रकार आणखी कुणाकडून करवलाय का, ते बघायचं. करवलाय. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १७९३ मध्ये, गिलरेने इंग्लंडचा नकाशाच राजा तिसऱ्या जॉर्जच्या शरीराच्या आकाराचा काढला, आणि हा नकाशारूपी राजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर आपल्या पार्श्वभागातून होड्यांचा भडिमार करतो आहे. तिथे घाण करणारा स्वपक्षाचा राजा आहे आणि चित्र देशाभिमानाचं आहे. म्हणजे गिलरेच्या भाषेत मलमूत्र हे रानटीपणाचं चिन्ह नाही. ज्याच्या अंगावर पडतं त्याची फजिती, एवढाच त्याचा अर्थ. जो सोडतो तो त्या घटकेपुरता वरचढ. टिपू इथे वरचढ आहे, पण चित्राला टिपूशी काही कर्तव्य नाही. चित्राचा सगळा राग कॉर्नवॉलिसवर आणि त्याला पाठवणाऱ्या पिट सरकारवर आहे. टिपू हे नुसतं हत्यार आहे.

याला दुसरा पुरावा टिपूच्या चेहऱ्याचा. गिलरेने टिपूला कधी पाहिलं नव्हतं, पाहण्याचा संभवही नव्हता. त्याने काढलेला माणूस ओळखू येतो तो तटामुळे आणि शीर्षकातल्या श्रीरंगपट्टणच्या नावामुळे. तो म्हणजे लंडनच्या रंगभूमीवरचा कुठलाही पूर्वेकडचा सुलतान. आजच्या व्यंगचित्रात आपण आधी नाक, कान, हनुवटी ओळखतो आणि मग विनोदाकडे जातो. इथे तसं गेलो तर फसतो. दूरच्या माणसासाठी या चित्रकारांकडे ठरलेला साचा असे. खरा अभ्यास केलेला चेहरा असे तो पार्लमेंटातल्या माणसाचा, कारण तो रस्त्यात दिसत असे आणि गिऱ्हाईकाला तो ताबडतोब ओळखू यावा लागे. म्हणून चित्रातला कुठला चेहरा मेहनतीने काढलाय आणि कुठला साच्यातून, हे पाहिलं की निशाणा कुणावर आहे ते पुष्कळदा कळतं.

गाढवाचं काय? इथे मराठी वाचकाची नजर पटकन बरोबर बसते. गाढवावरून धिंड ही आपल्याला सांगावी लागत नाही, आणि युरोपातही बदनाम माणसाला गाढवावर बसवून मिरवण्याची रीत होती. पण धिंडीत माणसाला दुसरं कुणीतरी बसवतं. इथे कॉर्नवॉलिस आपणहून बसलाय, आणि जनरलला बसायला गाढव मिळावं हाच टोमणा आहे. त्याच्या घोडदळाचे घोडे चाऱ्याविना रोडावले होते, हे लक्षात घेतलं तर टोमणा आणखी बोचतो. हे शेवटचं माझं वाचन आहे. गिलरेला तेवढं माहीत होतं की नाही हे सांगता येणार नाही. लंडनच्या गिऱ्हाइकाला मात्र एक गोष्ट पक्की माहीत होती. दहा वर्षांपूर्वी, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली आणि ज्यामुळे वसाहती हातच्या गेल्या, तो हाच माणूस. चित्रात यॉर्कटाउनचा उल्लेख नाही. पण पळणारा कॉर्नवॉलिस म्हटल्यावर तो आठवल्याशिवाय राहिला नसेल. अशा चित्राचं निम्मं काम बघणाऱ्याच्या आठवणीवर सोडलेलं असतं, आणि दोनशे वर्षांनी बघणाऱ्याला ती आठवण उसनी आणावी लागते.

तारखेबद्दल थोडं. ६ डिसेंबर हे आपल्याला नेमकं कळतं त्यामागे कायदा आहे. विल्यम होगार्थच्या चित्रांच्या चोरून नकला होऊ लागल्या, म्हणून १७३५ साली पार्लमेंटने कायदा केला: ज्या छापील चित्रावर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव असेल, त्यालाच संरक्षण. तेव्हापासून चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत ती ओळ येऊ लागली. आमच्या चित्रावर हॅना हम्फ्री या बाईंचं नाव आहे. त्या दुकानाच्या मालकीण, आणि गिलरे पुढे जन्मभर त्यांच्याच घरात राहिला. तो तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा काढी, मग पत्रा तेजाबात बुडवला की रेघ उघडी पडलेल्या जागी तांबं खाल्लं जाई. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबायचं. छापताना डावं-उजवं उलटतं, त्यामुळे अक्षरं पत्र्यावर उलटी कोरावी लागत. रंग मागाहून हाताने भरत, दुकानात बसलेली माणसं, प्रतीमागून प्रत. म्हणून एका प्रतीत जो अंगरखा लाल असतो तो दुसरीत पिवळा निघतो. ‘टिपूचा हिरवा रंग काय सुचवतो’ असले निबंध लिहिण्याआधी दोन-तीन प्रती समोर ठेवाव्यात. रंग बदलत असेल तर तो निबंध फाडून टाकावा. रेघ गिलरेची आहे, रंगाची खात्री नाही.

किंमत साधारण एक-दोन शिलिंग. मजुराच्या एका दिवसाच्या कमाईच्या आसपास. तेव्हा विकत घेणारा पैसेवाला, आणि दुकानाच्या खिडकीशी उभं राहून फुकट हसणारी गर्दी कुणाचीही.

ही तारीख एक गंमत उघड करते. लंडनला लोक हसत होते तेव्हा इथे काय चाललं होतं? बंगळुरूच्या उत्तरेचा नंदीदुर्ग ऑक्टोबरमध्येच इंग्रजांनी घेतला होता. डिसेंबरच्या त्या आठवड्यात कॉर्नवॉलिस सावनदुर्गाच्या तयारीत होता, आणि २१ डिसेंबरला तोही पडला. म्हणजे चित्र छापून झालं तेव्हा त्यातली परिस्थिती पार उलटली होती, फक्त लंडनला ते माहीत नव्हतं. फेब्रुवारी १७९२ मध्ये इंग्रज, मराठे आणि निजाम श्रीरंगपट्टणसमोर येऊन ठाकले. टिपूला निम्मं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये कबूल करावे लागले, आणि दोन लहान मुलगे ओलीस द्यावे लागले. मग लंडनला दुसऱ्याच चित्रांचा पूर आला: ममताळू कॉर्नवॉलिस, हात पुढे केलेला, आणि त्याच्यासमोर दोन मुलं. रॉबर्ट होम हा चित्रकार तर फौजेबरोबरच होता. गाढवावरचा जनरल आणि मुलांना जवळ घेणारा जनरल यांच्यात वर्षाचंही अंतर नाही. पहिलं एकटं पाहिलं तर इंग्रज जनता कॉर्नवॉलिसचा द्वेष करत होती असं वाटेल, दुसरं एकटं पाहिलं तर पूजा. चित्र लोकमत दाखवतं हे म्हणणं म्हणूनच जपून करावं. ते एका आठवड्याचं बोलणं दाखवतं. गिलरेचंही तेच. १७९१ मध्ये सरकारच्या जनरलला मुतात भिजवणारा हा माणूस १७९७ पासून त्याच पिट सरकारचं वर्षासन घेत होता.

आता तटाच्या आत जाऊ. लंडनला टिपूचं व्यंगचित्र निघालं त्याच्या काही महिने आधी श्रीरंगपट्टणमध्ये इंग्रजांची व्यंगचित्रं होती, आणि तीही भर रस्त्यावर. मार्क विल्क्स हा पुढे म्हैसूरच्या दरबारी रेसिडेंट असलेला इंग्रज अधिकारी. त्याने दक्षिणेच्या इतिहासाचे तीन खंड लिहिले. त्यात तो सांगतो, की मुख्य रस्त्यांवरच्या घरांच्या भिंतींवर टिपूच्या हुकमाने पुरुषभर उंचीची चित्रं काढलेली होती. एकात वाघ एका थरथरणाऱ्या इंग्रजाला धरतो. एकात घोडेस्वार एकाच वारात दोन इंग्रजांची डोकी उडवतो. एकात अर्काटचा नवाब महंमद अली कमरेला दोरी बांधून आणलाय, तो खुर्चीवरच्या इंग्रजापुढे लोटांगण घालतो आणि तो इंग्रज त्याच्या मानेवर पाय ठेवतो. सगळ्यांत आवडती चित्रं मात्र सभ्य ग्रंथात सांगण्याजोगी नाहीत, असं म्हणून विल्क्स तिथे थांबतो. ती कसली असतील ते आपण ओळखायचं. गिलरे त्या भिंती पाहता तर घरी आल्यासारखा हसला असता.

१५ मेची लढाई हरल्यावर टिपूने या भिंतींना चुना फासून घेतला, असं विल्क्स लिहितो. उद्या इंग्रज आत आले आणि त्यांनी हे पाहिलं तर? म्हणजे ज्या दिवसांत कॉर्नवॉलिस कावेरीकाठी बैल मोजत हताश झाला होता, त्याच दिवसांत तटाच्या आत टिपूही तितकाच धास्तावला होता. इंग्रजाला ते ठाऊक नव्हतं, टिपूला इंग्रजांची दुर्दशा ठाऊक होती की नाही कोण जाणे. विल्क्स शत्रुपक्षाचा, त्यामुळे टिपूची भीती तो रंगवून सांगत असेल ही शक्यता धरावी. पण चित्रं काय होती हे त्याने उगाच कशाला रचावं? त्यातल्या दोन विनोदांची साक्ष बाहेरूनही मिळते. वाघ आणि इंग्रज हा विषय टिपूच्या त्या प्रसिद्ध लाकडी खेळण्यात आहेच, जे आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आणि अर्काटच्या नवाबाची दोरी? महंमद अली इंग्रज सावकारांच्या कर्जात आकंठ बुडालेला होता, आणि त्या कर्जावर एडमंड बर्कने १७८५ मध्ये पार्लमेंटात भाषण ठोकलं होतं. नवाब इंग्रजांच्या पायाखाली आहे, हे लंडनच्या विरोधकांनाही म्हणायचं होतं आणि टिपूलाही. एकाने ते भाषणात सांगितलं, दुसऱ्याने भिंतीवर.

त्या भिंती आता नाहीत. पण त्यांच्या जातीची एक भिंत उभी आहे. बंगळुरूहून म्हैसूर रस्त्याने सव्वाशे किलोमीटरवर, श्रीरंगपट्टणच्या बेटावर दर्या दौलत बाग आहे, १७८४ चा सागवानी खांबांचा महाल. त्याच्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. १० सप्टेंबर १७८० ला कर्नल बेलीच्या फौजेचा हैदर आणि टिपूने तिथे फडशा पाडला होता. इंग्रज चौकोन करून उभे आहेत, दारूगोळ्याची गाडी स्फोटात उडते आहे, आणि मध्ये पालखीत जखमी बेली बोट तोंडात घालून बसलाय. आजच्या माणसाला वाटतं, तो भीतीने नखं खातोय. तोंडात बोट घालणं ही फारसी वळणाच्या चित्रकलेतली आश्चर्याची ठरलेली खूण आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला तर ती रोजच्या बोलण्यातून ठाऊक आहे. बेली घाबरलाय यापेक्षा त्याची मती गुंग झाली आहे असं चित्रकाराला म्हणायचंय. दुसरीकडे हैदर आणि टिपू हत्तीघोड्यांच्या लवाजम्यात गुलाब हुंगत चालले आहेत. लढाईत कुणी गुलाब हुंगतो का? हीही खूणच, बेफिकिरीची. दोन्ही खुणा शेजारी ठेवल्या की भिंतीचा टोमणा कळतो.

याच भिंतीवर निजामअलीची फौज दाखवली आहे, आणि तिच्यापाशी एक गाय आणि एक रानडुक्कर. वाटाडे सांगतात, निजाम आला गायीसारखा आणि गेला डुकरासारखा. गोष्ट झकास आहे, आणि मूळ रोख तोच असावा. पण खरी खोच समजायला पुन्हा विसरलेलं विधान शोधावं लागतं. निजाम पोल्लिलूरला नव्हताच. त्या साली इंग्रजांविरुद्ध नाना फडणविसांनी एक फळी उभी केली होती: पुण्याचे मराठे, हैदर, नागपूरकर भोसले आणि निजाम. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत दिलं आणि तो घरी बसला. जो यायचं वचन देऊन आलाच नाही, त्याला चित्रकार लढाईच्या चित्रात आणून बसवतो. म्हणजे बाकी भिंत हा इतिहास आणि तेवढा तुकडा हे व्यंगचित्र. ज्याची ऐतिहासिक नोंद जुळत नाही असा माणूस चित्रात दिसला, की चित्रकार चुकला असं म्हणण्याआधी थांबावं. बहुधा विनोद तिथेच दडलेला असतो.

या भिंतीच्या बाबतीत एक पथ्य मात्र कडक पाळावं लागतं. तिच्यावरचा रंग टिपूच्या काळचा नाही. तिच्यावरही चुना फिरला होता. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, या महालात राहिला आणि त्याने चित्र नव्याने रंगवून घेतलं. ते पुन्हा विटलं, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५५ च्या सुमारास मूळ चित्र आठवणाऱ्या एका स्थानिक चित्रकाराकडून ते परत करवून घेतलं. स्वतःच्या पराभवाचं आणि फजितीचं चित्र इंग्रजांनी दोनदा खर्च करून जिवंत ठेवलं, ही गोष्ट मला चित्राइतकीच मजेची वाटते. तोवर टिपूची भीती संपली होती आणि चित्र वेलिंग्टनच्या आठवणीची वस्तू झालं होतं. त्यामुळे इथे गिलरेच्या उलट नियम लावायचा. गिलरेची रेघ न् रेघ त्याची स्वतःची आहे. इथे एखाद्या शिपायाच्या भुवईवरून किंवा गणवेशाच्या बटणावरून काही सिद्ध करू नये. मांडणीवर विसंबावं: कोण मध्ये, कोण कडेला, कोण उंच, कोणाला मिशा आणि कोण सफाचट. या लढाईची कागदावर काढलेली मोठी जुनी चित्रंही शिल्लक आहेत, आणि पालखीतला बेली त्यांतही आहे. जे दोन्हीकडे सापडतं ते धरून चालायला हरकत नाही.

राहता राहिले मराठे. १७९१ च्या त्या माघारीत कॉर्नवॉलिसची फौज बंगळुरूपर्यंत जिवंत पोचली ती बऱ्याच अंशी हरिपंत आणि परशुरामभाऊंच्या बाजारामुळे. पण गिलरेच्या चित्रात एकही मराठा घोडेस्वार नाही. असता तर पावसाचा विनोद बिघडला असता, कारण मग माघारीला शेवट आला असता, आणि शेवटी कुणीतरी धान्य विकत बसलेलं दाखवावं लागलं असतं. आपल्या बाजूने त्या मोहिमेचं चित्र कुणी काढून ठेवलेलं मला माहीत नाही. कागद मात्र भरपूर आहेत. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला, त्यात परशुरामभाऊंच्या छावणीतली पत्रं आहेत. गाढवावरच्या कॉर्नवॉलिसला समोरून येताना ज्यांनी पाहिलं, त्यांची बाजू तिथे वाचायची.